कुत्र्याला घेऊन रेल्वेने कोकणात: कूपे, पार्सल ऑफिस आणि पुढची गाडी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गणपती, दिवाळी आणि मे महिना जवळ आला की मुंबई-ठाण्यातले प्राणी पाळणारे चाकरमानी हेच प्रश्न विचारू लागतात. इथली उत्तरं मुख्यतः कुत्र्याबद्दल आणि मुंबईहून तळकोकणात जाणाऱ्या रेल्वेबद्दल आहेत. कॅबचा भाग शेवटी आहे, पण तो वगळू नका. रेल्वेचं जमलं तरी स्टेशनापासून घरापर्यंत गाडी लागतेच.

कोकणात जाणाऱ्या कोणत्या गाडीत कुत्र्याला बरोबर नेता येतं?

ज्या गाडीला फर्स्ट एसी आहे तिथेच. टू एसी, थ्री एसी, चेअर कार, स्लीपर आणि सेकंड सीटिंग या वर्गांत कुत्रा चालत नाही. म्हणजे वंदे भारत, तेजस, जनशताब्दी या बसून जायच्या गाड्या आपल्या कामाच्या नाहीत, कितीही वेगाने जावोत. दिवा–सावंतवाडी पॅसेंजरही नाही.

राहिल्या कोकणकन्या (२०१११) आणि मांडवी (१०१०३). दोन्ही सीएसएमटीहून मडगावला जातात. कोकणकन्या रात्री अकराच्या सुमारास सुटते, मांडवी सकाळी सातच्या सुमारास. दोन्हींना फर्स्ट एसी असतो, पण पूर्ण डबा नव्हे. एकाच डब्यात अर्धा भाग फर्स्ट एसी आणि उरलेला टू एसी असतो. स्टेशनवरच्या पाटीवर आणि चार्टमध्ये तो डबा HA1 असा दिसतो. तिकीट काढताना वर्गांच्या यादीत 1A आहे का, हे त्या तारखेसाठी पाहूनच पुढे जा. गणपतीच्या जादा गाड्यांचे डबे दर वर्षी वेगळे असतात, त्यांच्याबाबत गृहीत काहीच धरू नका.

फर्स्ट एसीचं तिकीट कन्फर्म झालं की झालं ना?

नाही, आणि सगळी गडबड इथेच होते. फर्स्ट एसीत दोन प्रकारच्या बंद खोल्या असतात: चार बर्थची केबिन आणि दोन बर्थचा कूपे. नियमाप्रमाणे कुत्रा सहप्रवाशांच्या संमतीनेच आत राहू शकतो. चार बर्थच्या केबिनमध्ये तुम्ही दोघं आणि अनोळखी दोघं असाल आणि त्यांच्यापैकी एकानेही हरकत घेतली, तर कुत्र्याची रवानगी गार्डच्या डब्यात होते. भरलेले पैसेही परत मिळत नाहीत. म्हणून कूपे पूर्ण तुमचा हवा, किंवा चौघं असाल तर केबिन पूर्ण तुमची हवी.

तिकीट काढताना मात्र कूपे निवडता येत नाही. तिकिटावर फक्त CNF येतं. कोणाला केबिन आणि कोणाला कूपे, हे चार्ट बनताना ठरतं. अर्ध्या डब्यात कूपे फारच थोडे असतात, त्यामुळे दिल्लीच्या राजधानीत सहज होणारं काम कोकणकन्येत अडतं. तिकडे पूर्ण डबा फर्स्ट एसीचा असतो, इकडे त्याच कूपेवर खासदारांच्या कोट्यापासून नवविवाहितांपर्यंत सगळ्यांचा डोळा असतो.

मग कूपे मागायचा कसा?

लेखी अर्ज करून. दोघांची नावं एकाच पीएनआरवर घ्या, वेगवेगळ्या तिकिटांवर कूपे मागण्यात अर्थ नाही. अर्जात गाडी, तारीख, पीएनआर, कुत्र्याची जात आणि अंदाजे वजन लिहा, ‘पाळीव कुत्रा सोबत असल्याने कूपे द्यावा’ असं स्पष्ट म्हणा आणि तिकिटाची व लसीकरण कार्डाची प्रत जोडा. गाडी जिथून सुटते तिथल्या आरक्षण कार्यालयात, म्हणजे कोकणकन्येसाठी सीएसएमटीला, मुख्य आरक्षण पर्यवेक्षकांकडे तो द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. एक अर्ज आठवडाभर आधी द्यावा आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी पुन्हा आठवण करावी. प्रत्यक्ष जाऊन भेटणाऱ्याचं काम होण्याची शक्यता जास्त असते, हे कटू असलं तरी खरं आहे.

चार्टची वेळ माहीत असू द्या. पूर्वी तो गाडी सुटण्याच्या ४ तास आधी बनायचा, आता बराच आधी बनतो. अर्ज त्याच्याही आधी पोचला पाहिजे.

मी एकटाच जाणार आहे. चालेल?

एकट्याच्या तिकिटावर कूपेचा दुसरा बर्थ दुसऱ्या कोणाला तरी जाणारच. तो प्रवासी प्राणीप्रेमी निघाला तर नशीब. सोबतीला कोणीतरी न्या, नाहीतर थेट कॅबचा विचार करा. माझं मत विचाराल तर एकट्या माणसाने फर्स्ट एसीच्या भानगडीत पडू नये.

तिकीट कधी काढावं? तत्काळ मिळेल का?

आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळीच काढा. फर्स्ट एसीला तत्काळचा कोटा नसतो, त्यामुळे ‘बघू, शेवटी तत्काळमध्ये काढू’ हा मार्ग इथे बंद आहे. वेटिंगचं तिकीट घेऊन कुत्र्याची तयारी करण्यातही काही राम नाही.

पार्सल ऑफिसमध्ये नेमकं काय करायचं असतं?

कुत्र्याचं बुकिंग होतं ते लगेज म्हणून. तुम्ही ज्या स्टेशनावर चढणार, तिथल्या पार्सल किंवा लगेज कार्यालयात गाडीच्या दोनेक तास तरी आधी कुत्र्याला घेऊन हजर व्हायचं. कन्फर्म तिकीट, ओळखपत्र, लसीकरण कार्ड आणि पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला दाखवायचा. कारकून लगेजच्या दराने आकारणी करतो आणि पावती देतो. माणसाला सामानाची जी फुकट सवलत असते ती कुत्र्याच्या हिशोबात धरत नाहीत. पावतीवर पीएनआर आणि स्टेशनांची नावं बरोबर आहेत का, हे खिडकीवरच वाचून घ्या. पुढे रात्रभर टीसी पावतीच पाहतो, कुत्र्याचा गोड चेहरा नव्हे.

कूपे लागलेला चार्ट हातात (म्हणजे फोनवर) असेल तर पार्सल ऑफिसचं काम पटकन होतं. केबिनमध्ये अनोळखी प्रवासी असतील तर तिथेच प्रश्न सुरू होतात.

दाखला कसला आणि किती दिवसांचा?

प्राण्यांच्या वाहतुकीबाबत १९७८ चे केंद्र सरकारचे नियम आहेत. त्यात कुत्री-मांजरांसाठी पशुवैद्यकाचा दाखला सांगितला आहे: प्राणी प्रवासाला योग्य आहे आणि रेबीजसह कुठल्याही संसर्गजन्य रोगाची लक्षणं नाहीत. दिवस भरत आलेल्या मादीला नेता येत नाही, हेही त्यातच आहे. खिडकीवर ताजा दाखला मागतात, त्यामुळे तो प्रवासाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी घ्यावा. रेबीजची लस चालू असल्याची नोंद कार्डावर हवी, आणि तिची मुदत प्रवासाच्या मधेच संपत नाही ना, हे आधी पाहून ठेवा.

एखादं उदाहरण देऊन सगळा क्रम सांगाल का?

समजा डोंबिवलीचं एक जोडपं आहे आणि त्यांची २२ किलोची गावठी कुत्री, राणी. जायचं आहे मालवणला. जवळची स्टेशनं म्हणजे कुडाळ किंवा सिंधुदुर्ग. ते कोकणकन्येचं सीएसएमटी ते कुडाळ असं फर्स्ट एसीचं, एकाच पीएनआरचं तिकीट साठाव्या दिवशी सकाळी काढतात. घराजवळ ठाणे असूनही सीएसएमटीच निवडतात, त्याचं कारण पुढच्या प्रश्नात आहे.

आठवडाभर आधी कूपेचा अर्ज, पोचेसह. त्याच दिवशी मालवणच्या घरमालकाला फोन: ‘काका, सकाळी कुडाळला गाडी पाठवाल का? सोबत मोठी कुत्री आहे, ड्रायव्हरला आधीच सांगा.’ आणि एक तिसरा फोन ओळखीच्या टुरिस्ट गाडीवाल्याला, की कूपे नाही लागला तर त्याच रात्री किंवा दुसऱ्या पहाटे रस्त्याने निघायचं आहे, चालेल का.

प्रवासाच्या आदल्या दिवशी दाखला. प्रवासाच्या दिवशी चार्ट लागला की कूपेचा निकाल कळतो. लागला, तर राणीला संध्याकाळी सहाच्या आत जेवण द्यायचं आणि नंतर फक्त पाणी. रात्री साडेआठपर्यंत कॅबने सीएसएमटी, पार्सल ऑफिसमध्ये पावती, मग स्टेशनाबाहेर एक लांब फेरी, म्हणजे तिचं सगळं उरकतं. गाडी फलाटाला लागली की गर्दीच्या आधी चढायचं, खाली आपली चादर आणि त्याखाली जुने पेपर पसरायचे आणि दार लावून घ्यायचं. रेल्वेचं पांघरूण तिला द्यायचं नाही. पुढच्या प्रवाशाच्या नाकाचा विचार करायचा असतो. टीसी आला की पावती पुढे. सकाळी सिंधुदुर्ग गेलं की उठून दाराशी.

ठाणे किंवा पनवेलहून चढलं तर काय बिघडतं?

नियमाने काही नाही. अडचण वेळेची आहे. सीएसएमटीला गाडी आधीपासून उभी असते. ठाण्याला आणि पनवेलला दोन-चार मिनिटांच्या थांब्यात गर्दीतून घाबरलेल्या कुत्र्याला नेमक्या दारातून वर चढवायचं असतं, आणि डबा अपेक्षेपेक्षा पुढे-मागे लागला तर फलाटावर कुत्र्यासह धावायचं असतं. शिवाय फलाटावरची भटकी कुत्री वाटेत आडवी येतात. शांत, प्रवासाला सरावलेला कुत्रा असेल तर ठाण्याहून चढा. पहिलीच खेप असेल तर सीएसएमटीच बरं.

एक गोष्ट विसरू नका: पावती चढण्याच्या स्टेशनावर होते. तिकीट सीएसएमटीचं आणि चढायचं ठाण्याला असेल, तर बोर्डिंग पॉइंट आधी ऑनलाइन बदला आणि ठाण्याच्या कार्यालयात बुकिंगचं विचारून ठेवा.

कूपे लागलाच नाही तर?

चार्टमध्ये केबिन आली असेल तर आधी पाहा की उरलेले दोन बर्थ कोणाचे आहेत. कधी कधी ते पुढच्या स्टेशनाचे असतात किंवा रिकामे असतात. स्टेशनावर टीसीला भेटून कूपेतल्या प्रवाशांशी अदलाबदल होते का, हे विचारता येतं. कूपेत दोन वेगवेगळ्या तिकिटांवरचे एकटे प्रवासी असतील तर ते बऱ्याचदा आनंदाने केबिनमध्ये जातात. नवरा-बायको असतील तर आशा सोडा.

पण हा जुगार आहे हे ओळखा. चार्ट लागल्यावर कन्फर्म तिकीट रद्द केलं तर परतावा मिळत नाही. त्यामुळे चार्टच्या आधी एकदा आरक्षण कार्यालयात विचारणा करून, रंग चांगला दिसत नसेल तर तिकीट तेव्हाच रद्द करून कॅबने जाणं बहुतेकांना स्वस्त पडतं.

गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवून नेता येतं म्हणतात. कसं असतं ते?

येतं. टू एसी किंवा स्लीपरचं तिकीट असलेल्या प्रवाशाला कायदेशीर मार्ग तोच आहे. बुकिंग पार्सल ऑफिसमध्येच होतं. कुत्र्याला गळपट्टा आणि साखळी हवी, अन्नपाण्याची जबाबदारी मालकाची. गार्डला आता अधिकृतपणे ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण स्टेशनावर गार्डच विचारा.

तरी मी हा मार्ग सुचवणार नाही. पेटी लहान असते, मोठा लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड तिच्यात नीट वळूही शकत नाही. डबा गाडीच्या टोकाला, तुमच्यापासून कितीतरी लांब. कोकण रेल्वेवर बहुतेक थांबे दोन-तीन मिनिटांचे असतात. तेवढ्यात पाणी देऊन परत आपल्या डब्यात येणं शक्य नसतं. त्यातल्या त्यात रत्नागिरीला जरा जास्त वेळ मिळतो. बोगद्यांमागून बोगदे असल्याने आवाजही सतत घुमतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना तर मे महिन्यात तिथे ठेवूच नका. उकाड्यात त्यांना श्वास पुरत नाही.

लहान पिल्लू पिशवीत घालून थ्री एसीत नेलं तर कोण बघतंय?

रात्री तीन वाजता भुंकलं की सगळा डबा बघतो. बिनपावतीचा कुत्रा सापडला तर लगेजच्या दराच्या सहापट आकारणी होते आणि त्याला गार्डच्या डब्यात हलवायला सांगू शकतात. टोपलीतल्या अगदी लहान पिल्लाची पावती लगेज कार्यालय करतं का आणि कोणत्या वर्गासाठी, हे तिकीट काढण्याआधी तिथल्याच खिडकीवर विचारा. होकार मिळाला तर पावतीसह जा. ‘मागच्या वेळी आम्ही नेलं होतं’ हे टीसीसमोर चालत नाही.

कोकणातल्या स्टेशनावर उतरताना कशाची काळजी घ्यावी?

थांबा छोटा असतो, त्यामुळे आधीचं स्टेशन गेलं की तयारी पूर्ण हवी. एकाने फक्त कुत्रा धरायचा, दुसऱ्याने सामान. काही ठिकाणी फलाट डब्याच्या पायरीपेक्षा बराच खाली असतो. तिथे म्हाताऱ्या किंवा जड कुत्र्याला उडी मारू देऊ नका. आधी एक माणूस उतरतो आणि दुसरा वरून कुत्र्याला हातात देतो. हार्नेस असेल तर हे सोपं जातं. नुसत्या गळपट्ट्याला धरून उतरवलं तर मान आवळली जाते, किंवा कुत्रा पट्ट्यातून निसटतो. रुळांजवळ निसटलेला कुत्रा दोन मिनिटांत सापडत नाही.

पावसाळी वेळापत्रक लागू असताना गाड्या सावकाश चालतात आणि वेळा बदलतात. तेव्हा पोचायची वेळ गेल्या मे महिन्यातल्या आठवणीवर धरू नका, न्यायला येणाऱ्यालाही नवी वेळ कळवा.

परतीच्या प्रवासाला तेच कागद चालतील?

लसीकरण कार्ड चालेल, दाखला शिळा झालेला असेल. परतीच्या दाखल्यासाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटा. गावाकडे हे डॉक्टर गाई-म्हशींसाठी फिरतीवर असतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवा. रविवारी किंवा सणाच्या सुट्टीला परतायचं असेल तर त्याच्या आधीच्या कामाच्या दिवशीच काम उरका.

कूपेचा प्रश्न उलट दिशेने येतो. परतीची कोकणकन्या मडगावहून सुटते, त्यामुळे अर्ज तिकडे, कोकण रेल्वेकडे पोचला पाहिजे. आणि मधल्या छोट्या स्टेशनावर कुत्र्याचं लगेज बुकिंग होतं की नाही, हे गावी उतरलात त्याच सकाळी स्टेशन मास्तरांना विचारून ठेवा. होत नसेल तर बुकिंग होणाऱ्या मोठ्या स्टेशनावरून चढायचं ठरवता येतं, पण तिकिटातलं स्टेशन बदलायला वेळ हातात हवा.

स्टेशनावरून पुढे रिक्षा की गाडी?

कोकण रेल्वेची कित्येक स्टेशनं गावापासून लांब आहेत. कुडाळहून मालवण पाऊण-एक तासाचं, खेडहून दापोलीला घाट चढून जायचं, चिपळूणहून गुहागरही जवळ नाही. ॲपवरच्या कॅब इथे भरवशाच्या नाहीत. घरमालक किंवा होमस्टेवाल्यांकडून गाडी आधी ठरवणं उत्तम. ‘कुत्रा आहे’ हे गाडी ठरवताना सांगा, दारात उभं राहून नव्हे. छोट्या अंतराला रिक्षा चालते, पण बाजू उघड्या असतात. कुत्र्याला मधे बसवा आणि पट्टा हाताला गुंडाळून आखूड धरा.

मुंबईपासूनच कॅबने जायचं ठरवलं तर?

कॅबमध्ये प्राणी न्यायचा की नाही, हे शेवटी ड्रायव्हर आणि मालकाच्या मनावर असतं. ॲपवरून बुक केली तर ड्रायव्हरला लगेच फोन करून सांगा. नकार आला तर तो घरीच आलेला बरा, पनवेलला नको. टुरिस्ट गाडीवाल्याशी ठरवताना तीन गोष्टी बोलून घ्या: कुत्रा कुठे बसणार, केस आणि घाण झाली तर सफाईचे किती, आणि वाटेत थांबे किती. सीटवर स्वतःची जाड चादर नेली तर निम्म्या तक्रारी मिटतात.

कुडाळपर्यंत रस्त्याने दहा-बारा तास धरा. निघण्याआधी तीन-चार तास पोट रिकामं ठेवा. कशेडीला बोगदा झाल्यापासून तिथली वळणं टळतात, पण परशुराम घाटासारखे पट्टे आहेतच. कुत्र्याला गाडी लागते आहे हे उलटीच्या आधी कळतं: तोंडातून लाळ गळते, सारखे ओठ चाटतो, जांभया देतो. तेव्हाच थांबा, काच खाली करा, दहा मिनिटं चालवा. एरवी अडीच-तीन तासांनी थांबणं पुरतं. हार्नेस सीटबेल्टला बांधा. खिडकीबाहेर डोकं काढून वारा खाणारा कुत्रा फोटोत छान दिसतो, समोरून येणाऱ्या डंपरच्या खडीपुढे नाही. जेवायला थांबलात तर कुत्र्याला बंद गाडीत ठेवू नका, सावलीतही नाही. आळीपाळीने जेवा.

मांजराचं काय?

पार्सल ऑफिस तोच मार्ग धरतं: फर्स्ट एसी, दाखला, पावती. फरक एवढाच की मांजर पूर्ण वेळ पिंजऱ्यात ठेवावं, कूपेचं दार बंद असलं तरी. बेडरोल द्यायला माणूस दार उघडतो आणि मांजर बाहेर पडायला तेवढी फट पुरते. पिंजऱ्याची सवय आठवडाभर आधी घरात करा, आत त्याची जुनी चादर ठेवा आणि वरून पातळ कापड टाका.